पाचावर एक फुकट : वह्या आणि गणवेशाचा हिशेब

आम्ही कऱ्हाकाठच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. जून जवळ आला, की बारामती-इंदापूरच्या दुकानांवर फलक लागतात. कुणी लिहितं ‘छापील किमतीवर २० टक्के सूट’, कुणी ‘पाच वह्यांवर एक फुकट’. गावात हँडबिलं येतात, मोबाइलवर फोटो फिरतात. आपल्यापैकी बहुतेकजणी तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. पण एक दुकान सूट सांगतं, दुसरं फुकट वही दाखवतं आणि तिसरं डझनाचा भाव सांगतं, तेव्हा तुलना करायची कशी? आज आम्ही तेच सांगणार आहोत.

आधी ‘पाचावर एक फुकट’ म्हणजे किती सूट, ते बघू. पाचात एक म्हणजे २० टक्के, असं पटकन वाटतं. पण आपण पैसे पाच वह्यांचे देतो आणि हातात सहा येतात. म्हणजे सूट सहात एकाची झाली, टक्क्यात १७ च्या आतच. शिवाय ती सहा-सहाच्या हिशेबातच मिळते. आठ वह्या लागत असतील, तर वरच्या दोन पूर्ण भावानं घ्याव्या लागतात.

आता दुसरी गोष्ट. वहीचा भाव वहीला नसतो, पानांना असतो. वहीच्या मुखपृष्ठावर किंवा मागे बारीक अक्षरात आकार आणि पृष्ठसंख्या छापलेली असते. १७२ पृष्ठं लिहिली असतील, तर कागद ८६ च असतात, कारण दोन्ही बाजू मोजतात. बऱ्याच वह्यांत अनुक्रमणिकेचं आणि छापील मजकुराचं पानही त्याच आकड्यात धरलेलं असतं. म्हणून आम्ही प्रत्येक दुकानाचा भाव शंभर पृष्ठांवर आणतो. वहीची किंमत भागिले पृष्ठं, गुणिले शंभर. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या गावात वेगळे असतील. तिन्ही दुकानांत वही एकाच आकाराची आहे. पहिल्या दुकानात १७२ पृष्ठांची वही, छापील किंमत ६० रुपये, २० टक्के सूट, म्हणजे ४८ ला पडली. शंभर पृष्ठं साधारण २८ रुपयांना. दुसऱ्या दुकानात वहीवर ५० रुपये छापलेत आणि पाचावर एक फुकट. पण ही वही १३२ पृष्ठांची आहे. २५० रुपयांत सहा वह्या, म्हणजे ७९२ पृष्ठं. शंभर पृष्ठं साडेएकतीस रुपयांना पडली. तिसऱ्या दुकानात फलकच नाही. तिथं १७२ पृष्ठांच्या वह्यांचा डझन ५१६ रुपयांना. शंभर पृष्ठं २५ रुपयांना.

एका पोराला १७२ पृष्ठांच्या बारा वह्या लागतात असं धरा. पहिल्या दुकानात ५७६ रुपये, तिसऱ्यात ५१६. दुसऱ्यात तेवढीच पृष्ठं भरायला सोळा पातळ वह्या लागतील आणि फुकटच्या दोन धरूनही ७०० रुपये जातील. ज्या दुकानात फुकट दिसत होतं, तेच सगळ्यात महाग निघालं.

पण या हिशेबालाही एक मर्यादा आहे. जाड वही स्वस्त पडली, तरी वर्षाअखेर अर्धी कोरी राहिली, तर बचत कसली? म्हणून खरेदीआधी मागच्या वर्षीच्या वह्या काढा आणि कोणत्या विषयाची किती पानं भरली ते बघा. चित्रकलेची, कार्यानुभवाची वही बहुधा कोरीच असते. तिथं पातळ वहीच बरी. उरलेली कोरी पानं फाडून दोऱ्यानं शिवली, की कच्च्या कामाची वही तयार.

कागदही बघा. दुकानातच शेवटच्या पानावर पोराच्या पेनानं एक ओळ लिहून मागं फिरवा. शाई आरपार दिसली, तर पोरगं एकाच बाजूला लिहिणार. मग १७२ पृष्ठांची वही ८६ पृष्ठांचीच झाली.

कराचंही थोडं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांवर जीएसटी शून्य आहे. आधी वह्यांवर १२ टक्के होता. तेव्हा वहीच्या बिलात कुणी जीएसटी जोडला, तर विचारा. आणि छापील किंमत सगळ्या करांसकट असते. त्यावर वेगळा कर लावताच येत नाही.

आता गणवेश. दुकानात जायच्या आधी शाळेत जाऊन विचारा. जिल्हा परिषदेच्या आणि इतर सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. २०२४-२५ ला सरकारनं कापड देऊन तो बचत गटांतल्या बायांकडून शिवून घेतला होता. पुढच्या वर्षापासून हे काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. त्या समितीत पालकच जास्त असतात. तेव्हा गणवेश कधी येणार आणि किती जोड येणार, हे समितीतल्या पालकालाच विचारा. दोन जोड मिळणार असतील, तर तिसऱ्याच्या ऑफरच्या मागं कशाला लागायचं?

खासगी शाळेचा गणवेश शिवून घ्यायचा असेल, तर कापडाचा पन्हा विचारल्याशिवाय मीटरचा भाव लावू नका. एक कापड ११० रुपये मीटर, पन्हा ३६ इंच. दुसरं १६० रुपये मीटर, पन्हा ५८ इंच. पहिलं स्वस्त वाटतं. पण पन्ह्यानं भागलं, तर पहिलं इंचाला तीन रुपयांच्या वर जातं आणि दुसरं पावणेतीनला पडतं. मोठ्या पन्ह्यात मीटरही कमी लागतात. मात्र कापड किती लागेल ते शिंप्याला आधी विचारा, कारण उरलेला तुकडा वाया गेला तर हिशेब उलटतो. सुती कापड आटतं, म्हणून शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा.

तयार गणवेश घेताना तो उलटा करून बघा. पँटच्या आणि स्कर्टच्या खाली दुमड किती आहे, कंबरेच्या शिवणीत माया किती सोडलीय, हे तपासा. वाढत्या अंगाच्या पोराला खाली दोन-अडीच इंच दुमड असली, तर तीच पँट पुढच्या जूनला उसवून चालते. माया नसलेली पँट पन्नास रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी दिवाळीनंतर घोट्याच्या वर जाते. दोन पँटांचा भाव लावताना ‘किती महिने चालेल’ हेही त्यात धरा. माप बसलं नाही तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या.

शेवटी जाण्या-येण्याचा खर्च. एकटीनं बारामतीला जाऊन डझनामागं साठ रुपये वाचवले आणि तेवढंच तिकीट गेलं, तर हातात काय आलं? आम्ही गटात सगळ्यांच्या याद्या एकत्र करतो. कोणत्या इयत्तेला एकरेघी, दुरेघी, चौकटीच्या किती वह्या, ते एका कागदावर मांडतो. मग तीन दुकानांना फोन करून आकार, पृष्ठं आणि डझनाचा भाव विचारतो. शेवटी दोघीच जातात. एक पेटी फोडून पानं मोजते, दुसरी बिल तपासते. वाटणी गटाच्या बैठकीत होते आणि बिल वहीला चिकटवून ठेवतो. पुढच्या जूनला फलक लागले, की आधी ते बिल उघडतो. मागच्या वर्षी शंभर पृष्ठं कितीला पडली, ते त्यात लिहिलेलंच असतं.

रामराम.