फी वाढवताना पालकांना लिहायचं पत्र

आमचा बचत गट गावात बालवाडी चालवतो. तीस मुलं आहेत आणि फी महिना ३०० रुपये होती. तीन वर्षं ती आम्ही वाढवली नव्हती. गेल्या वर्षी वाढवायची वेळ आली, तेव्हा आम्ही दारावर एक ओळ लावली : "जूनपासून फी ४०० रुपये राहील." दुसऱ्या आठवड्यात तीन मुलं यायची बंद झाली. एकीच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "परवडत नाही असं चारचौघींत कसं सांगायचं ताई? त्यापेक्षा पोर घरीच बरं."

तेव्हा कळलं की फी जास्त होती म्हणून नव्हे, तर ती का वाढली आणि अडचण असेल तर कुणाकडे जायचं, हे आम्ही सांगितलंच नव्हतं म्हणून मुलं गेली. आम्ही नोटीस काढली आणि हिशोब घेऊन पुन्हा बसलो.

आधी महिन्याचा खर्च ९,००० होता. आता शिक्षिकेचं मानधन ४,५०० वरून ६,००० आणि मदतनीस ताईचं २,५०० वरून ३,२०० करायचं ठरलं होतं. खाऊ एका मुलाला दिवसाला दोन रुपयांत व्हायचा, आता तीन लागतात. पंचवीस दिवसांचे तीस मुलांचे २,२५० झाले. खडू, झाडू, वीज मिळून ५५०. एकूण १२,०००. तीस मुलांनी भागलं की ४०० येतात. पण आमची चूक इथेच होती. तिसातल्या चौघांना अर्धी सवलत द्यायची म्हटलं, तर फी अठ्ठावीस मुलांइतकीच जमते. मग ४०० मध्ये दर महिन्याला ८०० रुपये कमी पडणार आणि ते शेवटी मदतनीस ताईच्या मानधनातून जाणार. म्हणून १२,००० ला अठ्ठाविसाने भागलं आणि फी ४३० ठरवली. सवलत आधीच हिशोबात धरली, तरच ती खरी देता येते.

मग पत्र लिहिलं. ते असं होतं :

"पालकांना नमस्कार. जूनपासून बालवाडीची फी ३०० ऐवजी ४३० रुपये होईल. महिन्याचा जुना आणि नवा खर्च मागच्या पानावर दिला आहे. फीमध्ये चार मुलांची अर्धी सवलत धरलेली आहे. ही फी दोन वर्षं वाढणार नाही. ज्यांना अडचण आहे त्यांनी १५ मेपर्यंत साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज द्यावा. सोबत रेशनकार्डाची प्रत जोडावी. कार्ड नसेल तर अर्जात तसं लिहावं. अर्ज शिक्षिकेच्या हातात द्यावा. २५ मेपर्यंत लेखी उत्तर मिळेल. नकार आला तर त्याचं कारण लिहिलेलं असेल आणि गटाच्या पुढच्या बैठकीत पुन्हा मागता येईल."

पत्र घरोघरी दिलं. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवलं. नवी रक्कम पहिल्याच ओळीत ठेवली, कारण आई आधी तीच शोधते.

अर्ज पाहायला दोघीच ठेवल्या : गटाची अध्यक्ष आणि गटाबाहेरची एक आई. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, कारण त्याच्या फेऱ्यांत मजुरी बुडते. ज्या घरात कमावणारी एकटी बाई आहे, जिथे मोठं आजारपण आहे किंवा दोन भावंडं बालवाडीत आहेत, त्या घरांचा विचार आधी करायचा, असं आधीच लिहून ठेवलं. सवलत मिळालेल्यांची नावं बैठकीत वाचायची नाहीत, आणि पावतीवर फक्त भरलेली रक्कम लिहायची, 'सवलत' हा शब्द नाही.

पाच अर्ज आले. चौघींना अर्धी फी झाली. पाचवीशी बोलल्यावर कळलं, तिला फी कमी नको होती, मुदत हवी होती. सोयाबीन विकल्यावरच तिच्या हातात पैसा येतो. तिला जून ते ऑक्टोबरची फी दिवाळीनंतर एकदम भरायची परवानगी दिली. तेव्हापासून अर्जात आम्ही विचारतो, "फी कमी हवी की उशिरा चालेल?" मध्येच घरावर संकट आलं तर कोणत्याही महिन्यात अर्ज घेतो. मात्र चार जागा भरल्या असतील तर मुदतच देता येते, हेही स्पष्ट सांगतो.

मोठ्या खासगी शाळांची गोष्ट वेगळी आहे. तिथे महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. तुमच्या मुलाच्या शाळेची नोटीस आली तर त्या समितीत पालक कोण आहेत आणि खर्चाचा तपशील कुठे पाहायला मिळेल, हे जरूर विचारा.

आमची गेलेली तीन मुलं जूनमध्ये परत आली. चारचौघींत सांगायची लाज वाटणाऱ्या त्या आईनं अर्ज दुसरीकडून लिहून घेतला होता. खाली तिनं सही मात्र स्वतः केली होती.