चिंचेखालचं शेत

मैत्रिणींनो, आज दोन वर्गमैत्रिणींची गोष्ट ऐका. एक जळकोटलाच राहिली, दुसरी पुण्याला दिली. पहिली लग्नाला आली नाही, म्हणून दुसरीनं अबोला धरला. तो अठरा वर्षं चालला.

जळकोटची ताई रात्री मोबाइलवर ‘हे डे’ हा शेतीचा खेळ खेळते. त्यात सोयाबीन वीस मिनिटांत काढणीला येतं! आपल्याकडं आलं असतं तर! खेळात तीस जणांपर्यंतची वस्ती असते. होडीत भरायला माल कमी पडला, की खोक्यावर मदतीची खूण करायची. वस्तीतलं कुणीही भरून देतं.

ताईच्या शेताचं नाव ‘जळकोट’. वस्तीत नवं आलेलं एक शेत रोज तिचीच खोकी भरायचं. नाव ‘चिंचेखाली’. शाळेच्या चिंचेखाली दोघी डबा खायच्या.

वस्तीतल्या गप्पा सगळेच वाचतात. म्हणून तिनं नाव, नंबर काही लिहिलं नाही. एवढंच विचारलं, “माझ्या डब्यात काय असायचं?”

उत्तर आलं, “भाकर अन् कारळाची चटणी. चटणी मला कमी द्यायचीस.”

सकाळी ती मैत्रिणीच्या भावाच्या घरी गेली अन् नंबर घेतला. फोन लागला, पण आधी कुणीच बोलेना. मग पुण्याहून आवाज आला, “तुझ्या होडीला सोयाबीन कमी आहे. पेरलंय मी.”