फुप्फुसातल्या हद्दी



फुप्फुसाचा एक तुकडा काढायचा असेल तर सुरी नेमकी कुठून चालवायची, एवढ्याच प्रश्नाभोवती मी आज बोलणार आहे. यकृत असो वा फुप्फुस, बाहेरून पाहिलं तर आतली विभागणी दिसत नाही. उजव्या फुप्फुसावर दोन खोल भेगा असतात, त्यामुळे त्याचे तीन खंड होतात, वरचा, मधला आणि खालचा. डाव्या बाजूला हृदयाने जागा घेतलेली असते. तिथे भेग एक आणि खंड दोन. इतकं डोळ्यांना दिसतं आणि बोटांना लागतं. पण प्रत्येक खंडाच्या आत आणखी एक विभागणी असते, तिला आम्ही सेगमेंट म्हणतो. उजवीकडे असे दहा सेगमेंट. डावीकडे काही जोड्यांची श्वासनलिका एकत्रच फुटते, म्हणून कोणी आठ मोजतं, कोणी नऊ, कोणी दहा. ही मोजणी पुढे एका हिशेबात लागेल, तेव्हा आपण डावीकडचे नऊ धरू.

सेगमेंट म्हणजे काय? मुख्य श्वासनलिकेची खंडासाठी एक शाखा निघते आणि त्या शाखेतून सेगमेंटसाठी एकेक फाटा. त्या फाट्याच्या अंगाला लागून फुप्फुसधमनीचाही एक फाटा जातो. हवा आणि रक्त दोन्ही जोडीने, मधोमध शिरतात. शिरा मात्र तशा जात नाहीत. त्या दोन सेगमेंटच्या सीमेवरून चालतात आणि दोन्ही बाजूंचं रक्त गोळा करतात. शेताला पाणी देणारा पाट शेताच्या मधून जावा आणि जास्तीचं पाणी काढणारा चर दोन शेतांच्या सामाईक बांधावरून जावा, अशी ही रचना आहे. शस्त्रक्रियेचं सगळं शहाणपण यातून निघतं. मधली धमनी आणि श्वासनलिका कापली तर फक्त त्याच सेगमेंटचा पुरवठा थांबतो, आणि हद्द कुठे आहे हे शीर दाखवते. उलट हद्दीवरची शीर तोडली तर आपण ज्याला हात लावायचा नव्हता त्या शेजाऱ्याच्या रक्ताची वाट बंद होते. तो भाग रक्ताने तुंबतो आणि रुग्णाच्या थुंकीतून रक्त पडू लागतं.

ही विभागणी माणसाने शोधली ती आजारामुळे. १९३२ साली क्रेमर आणि ग्लास या दोन अमेरिकन डॉक्टरांनी फुप्फुसातल्या गळवांचा अभ्यास केला. गळू नेमकं कुठे आहे हे कळलं तर ते उघडण्यासाठी छातीवर योग्य ठिकाणी छेद घेता येतो, आणि चुकलं तर पू चांगल्या भागात पसरतो. ती जागा सांगता यावी म्हणून त्यांनी श्वासनलिकेच्या फाट्यांप्रमाणे फुप्फुसाचे भाग पाडले. गळवांचं एक ठिकाण फार ठरलेलं आहे, उजव्या खालच्या खंडाचा अगदी वरचा सेगमेंट, म्हणजे सहावा. त्याची श्वासनलिका सरळ पाठीकडे फुटते. माणूस उताणा झोपलेला असतो, दारूच्या किंवा भुलीच्या गुंगीत किंवा फेफऱ्याच्या झटक्यात त्याच्या घशातलं खाली उतरतं. उजवी श्वासनलिका रुंद आणि जास्त उभी, म्हणून ते उजवीकडे जातं. मग वाटेत पाठीकडे उघडणारं पहिलं मोठं तोंड बहुधा सहाव्याचं असतं आणि ते तिथे पडतं. एक्स-रेवर तिथली पोकळी दिसली की अनुभवी डॉक्टर आधी दात आणि झोपेच्या वेळच्या उलट्यांबद्दल विचारतो, आणि आपल्या देशात त्याच वेळी क्षयासाठी थुंकीही तपासायला पाठवतो, कारण क्षयालाही हीच जागा आवडते.

पुढे १९३९ मध्ये चर्चिल आणि बेल्सी यांनी डाव्या वरच्या खंडाचा जिभेसारखा खालचा भाग, लिंग्युला, रुंदावलेल्या श्वासनलिकांच्या आजारासाठी स्वतंत्रपणे काढून दाखवला. खंड हे शस्त्रक्रियेचं सर्वांत लहान एकक नाही, हे तिथे सिद्ध झालं. १९४३ मध्ये जॅक्सन आणि ह्यूबर यांनी सेगमेंटना जी नावं दिली, त्यांच्यावरच आजची नावं बेतलेली आहेत.

आता एक रुग्ण समजून घेऊ. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या कहाण्या एकत्र करून मी ही रंगवली आहे. अडुसष्ट वर्षांच्या बाई, उमेदीची सगळी वर्षं चुलीपुढे गेलेली, चढ चढताना धाप. सीटी स्कॅनमध्ये उजव्या सहाव्या सेगमेंटमध्ये, फुप्फुसाच्या कडेशी, १.४ सेंटीमीटरची गाठ. सुईने तपासल्यावर कर्करोग निघाला. इतरत्र पसरल्याची खूण नाही. फुंकून पाहिलं तर पहिल्या सेकंदात त्या १.३ लिटर हवा बाहेर टाकतात.

खालचा अख्खा खंड काढला तर पाच सेगमेंट जातात, फक्त सहावा काढला तर एक. दोन्ही फुप्फुसांचे मिळून एकोणीस धरले तर पहिल्या बेतात चौदा उरतात, दुसऱ्यात अठरा. १.३ ला त्याच प्रमाणात कमी केलं तर एकीकडे सुमारे ०.९६ लिटर येतात, दुसरीकडे १.२३. एक लिटरच्या खाली गेलेल्या माणसाला जिन्याचा एक मजलाही जड जाऊ शकतो. हा हिशेब ढोबळ आहे. तो सगळ्या सेगमेंटना सारखं धरतो आणि उरलेलं फुप्फुस हळूहळू फुलून तोटा थोडा भरून काढतं हे त्यात येत नाही. पण शस्त्रक्रियेआधी बोलायला तो उपयोगी पडतो.

ऑपरेशनमध्ये आम्ही भेगेत शिरतो. वरचा, मधला आणि खालचा खंड जिथे भेटतात तिथे खोलात फुप्फुसधमनी दिसते. तिची एक शाखा पाठीकडे वळते, ती सहाव्याची. समोर मधल्या खंडाची धमनी, खाली उरलेल्या चार सेगमेंटचा जाड बुंधा. सहाव्याची फांदी कापायची आणि तिच्या मागे लपलेली श्वासनलिका मोकळी करायची. ऐकायला सोपं आहे. पण बऱ्याच माणसांत सहाव्याला एकाऐवजी दोन धमन्या असतात, आणि काही माणसांत वरच्या खंडाच्या मागच्या सेगमेंटची एक फांदी याच सहाव्याच्या धमनीतून निघून वर चढते. ही धमनी मुळापाशी बांधली तर सहाव्याबरोबर वरच्या खंडाच्या एका निरोगी भागाचंही रक्त बंद होतं. म्हणून मी कापण्याआधी फांदीला तिच्या टोकापर्यंत उकलत जातो आणि ती कोणत्या भागात शिरते ते पाहिल्याशिवाय स्टेपलर हातात घेत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सीटीच्या पातळ कापांवरून, शक्य असेल तर त्रिमितीय चित्र करून, त्या माणसाच्या स्वतःच्या फांद्या मोजाव्यात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून आग्रहाने करवून घेतो. पाठ्यपुस्तकातली आकृती म्हणजे बहुसंख्यांची आकृती, टेबलावर झोपलेल्या बाईंची नव्हे.

श्वासनलिकेचंही तसंच. ती चिमट्यात धरायची आणि भूलतज्ज्ञांना फुप्फुस हळूच फुगवायला सांगायचं. खालचे चार सेगमेंट नीट फुगले, मधला खंड फुगला, तर नळी बरोबर धरली आहे. चुकून खालचा बुंधा धरला असेल तर तो भाग फुगत नाही आणि चिमटा सोडून देता येतो. कापल्यावर मात्र तसं सोडून देता येत नाही.

यानंतर हद्द. धमनी कापली तरी फुप्फुस सगळं एकाच गुलाबी-करड्या रंगाचं दिसतं, सहावा कुठे संपतो ते कळत नाही. यासाठी दोन रीती आहेत. जुन्या रीतीत नळी बंद करण्याआधी फुप्फुस फुगवायचं, मग नळी बांधायची. सहाव्यातली हवा अडकते आणि दहा-पंधरा मिनिटांत बाकीचा भाग मऊ पडतो, मध्ये रेघ उमटते. पण वायुकोशांच्या भिंतींना छोटी छिद्रं असतात. त्यातून हवा शेजारी झिरपते, आणि चुलीच्या धुराने जाळी झालेल्या फुप्फुसात ती मोकळेपणाने पसरते, म्हणून या बाईंमध्ये ही रेघ पुसट येईल. नवी रीत रक्तावर चालते. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून द्यायचा आणि अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्याने पाहायचं. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं फुप्फुस चमकतं, फक्त सहावा काळा राहतो, कारण त्याची धमनी कापलेली आहे. ही चमक काही मिनिटांतच विरते, म्हणून विजेच्या सुरीने पृष्ठभागावर लगेच खूण करावी लागते. आत शिरताना मार्ग दाखवायला हद्दीवरची शीर असतेच. सहाव्याची शीर खालच्या मोठ्या शिरेची सर्वांत वरची फांदी आहे. तिचा जो फाटा सेगमेंटच्या पोटातून येतो तो कापायचा, आणि जो बांधावरून येतो तो राखून त्याच्या कडेने जायचं. रेघ सोडून आत घुसलं की शेजाऱ्याचे वायुकोश फाटतात आणि छातीतल्या नळीतून हवा दिवसेंदिवस येत राहते.

हे सगळं करायचं तर कर्करोग उरण्याचा धोका वाढतो का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल आणि तो आमच्याही मनात बरीच वर्षं होता. १९९५ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका चाचणीत ३ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींसाठी कमी भाग काढलेल्यांत आजार तिथेच परतण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. तेव्हापासून खंड काढणं हाच नियम झाला. त्यानंतर जपानने २ सेंटीमीटरपर्यंतच्या, कडेच्या गाठींपुरता प्रश्न पुन्हा विचारला. ११०६ रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी सेगमेंट काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के जिवंत होते, खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. पण फुप्फुसात आजार परत आला तो पहिल्या गटात १०.५ टक्क्यांत, दुसऱ्यात ५.४ टक्क्यांत. आणि वर्षभरानंतर श्वासाच्या ताकदीतला फरक सरासरीने जेमतेम साडेतीन टक्क्यांचा होता, आपल्या ढोबळ हिशेबापेक्षा पुष्कळ कमी. माझ्या मते हे आकडे सेगमेंटची शस्त्रक्रिया सरसकट करावी असं सांगत नाहीत. लहान, कडेची गाठ आणि शिस्तीने राखलेली हद्द, एवढ्यापुरतीच ती योग्य आहे.

ही शिस्त मोजता येते. गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंत २ सेंटीमीटर, किंवा निदान गाठीच्या व्यासाइतकं, निरोगी फुप्फुस हवं. गाठ हद्दीला चिकटलेली असेल तर एक सेगमेंट पुरत नाही, शेजारचाही घ्यावा लागतो. शिवाय नळ्यांच्या फाट्यांपाशी ज्या लसीका ग्रंथी असतात त्या ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायला पाठवायच्या. बाईंच्या बाबतीत आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं की त्या ग्रंथीत कर्करोग निघाला तर आम्ही सेगमेंटवर थांबणार नाही, त्याच भुलीत खालचा खंड काढू, आणि ०.९६ चा हिशेब मान्य करून त्यांची संमती घेतलेली असते. अहवाल येईपर्यंत कडा पुन्हा पाहून घ्यायच्या, हवेची गळती तपासायची आणि थांबायचं.