काळ्या मातीचा गणपती

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे ज्या घरी खरे बैल नसतात त्या घरीही मातीच्या बैलांची जोडी पाटावर पूजतात. पोळा झाला की चौथ्या दिवशी गणेशचतुर्थी. दोन वर्षांपूर्वी बैल करून उरलेला चिखलाचा गोळा माझ्या मुलीच्या हातात होता. वय वर्षे आठ, तिसरीचा वर्ग. ती म्हणाली, “बाबा, यंदा गणपती मी करणार.” मी शाळामास्तर, मुलांना नाही म्हणायचं नाही, असं वर्गात सांगणारा. मी हो म्हणालो आणि दोघे अंगणात बसलो.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं. रान काळं, कापसाचं. माती लोण्यासारखी मऊ. संध्याकाळपर्यंत वीतभर उंचीचा गणपती उभा राहिला. पोट घागरीसारखं, सोंड पुढं अधांतरी, हात दोन्हीकडे पसरलेले. आम्ही तो ओसरीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मानेला केसासारखी चीर दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी सोंड खाली पडलेली होती.

पोरगी रडायला लागली. देव आपल्या हातून मोडला, आता तो रागावणार, हे तिचं दुःख. माझी आई माजघरातून आली आणि म्हणाली, “रडायलीस कामून, बाई? अजून कुठं देव झालाय तो? पूजा व्हायचीय. तोवर चिखलच हाय. घाल पाण्यात आन् पुन्हा कर.”

आम्ही तुकडे बादलीत टाकले आणि तिथं एक गोष्ट पोरीनंच पाहिली. सोंड खडखडीत वाळलेली होती. ती पाण्यात पडताच बुडबुडे सोडत विस्कटली आणि थोड्याच वेळात तिचा गाळ झाला. पोट मात्र आतून ओलं होतं. ते रात्रभर पाण्यात दगडासारखं बसून राहिलं. “बाबा, वाळलेलं लवकर विरघळतं. ओलं का नाही?” तिनं विचारलं.

कारण असं. वाळलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत हवा असते. पाणी चहूकडून आत घुसतं, हवा बाहेर रेटली जाते आणि माती आतून फुटते. ओल्या गोळ्यात छिद्रं आधीच पाण्यानं भरलेली असतात. नव्या पाण्याला आत शिरायला वाव नसतो. म्हणून मोडलेली मूर्ती पुन्हा मळायची असेल तर आधी ती पुरी वाळू द्यावी, मग भिजवावी.

आता सोंड का पडली ते पाहू. चैत्र-वैशाखात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती आम्ही मूर्तीला घेतली होती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आवळते. सोंड बारीक, ती आधी वाळली आणि आवळली. पोट जाड, ते ओलंच राहिलं. दोघांची ओढाताण जिथं झाली तिथं चीर गेली.

हे मोजून पाहायला सोपं आहे. बोटभर जाडीची मातीची पट्टी करा, तिच्यावर दहा सेंटिमीटर अंतरानं दोन खुणा करा आणि सावलीत वाळवा. आमच्या नुसत्या काळ्या मातीच्या पट्टीत दहाचे साडेआठ उरले. मग आम्ही दोन तांबे पांढरी माती, म्हणजे भिंती लिंपायला वापरतात ती, आणि एक तांब्या काळी असं मिसळलं. त्या पट्टीत सव्वानऊ उरले. काळी माती चिकटपणा देते, पांढरी तिला आवळू देत नाही. तुमच्या गावची माती निराळी असेल, तेव्हा पट्टी आधी करून पाहावी.

माती वाळलेलीच घ्यावी, ढेकळं फोडून फडक्यातून चाळावी आणि रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी तिच्यात मूठभर पिंजलेला कापूस अगदी विरळ करून घालावा आणि भाकरीच्या पिठासारखी मळावी. कापसाचे धागे माती धरून ठेवतात. तयार मातीची बोटाएवढी वळी करून बोटाभोवती वाकवा. ती तडकली तर पाण्याचा हात लावून आणखी मळा.

दुसऱ्या खेपेला दोनच दिवस हाती होते, म्हणून मूर्ती मुठीएवढीच केली. लहान मूर्ती लवकर आणि सारखी वाळते. यंदा मात्र आम्ही पोळ्याच्या पंधरा दिवस आधी, नारळी पौर्णिमेलाच बसलो आणि वीतभर मूर्ती केली. पाट, पोट, मांड्या आणि डोकं असे निराळे गोळे केले. जोडण्याआधी दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढले, त्याच मातीचा दह्याइतका दाट चिखल लावला आणि दाबून बसवलं. गुळगुळीत जागेवर नुसतं चिकटवलेलं डोकं वाळताना सुटतं. सोंड पोटावर टेकवली, हात मांड्यांवर ठेवले. अधांतरी काही नाही.

आठ वर्षांच्या हाताची एक खोड असते. मूर्ती गुळगुळीत व्हावी म्हणून मूल सारखी बोटं पाण्यात बुडवतं. वरचा थर पातळ होतो आणि वाळल्यावर त्याच थराला जाळीसारख्या चिरा पडतात. म्हणून तिच्याजवळ तांब्या न ठेवता ओलं फडकं ठेवलं. त्यावर बोट टेकवायचं, तेवढीच ओल पुरे.

मूर्ती दुसऱ्या दिवशी थोडी ताठ झाली, तेव्हा ती आडवी धरून खालून चमच्यानं पोट पोखरलं. सगळीकडे दोन बोटं जाडी ठेवली. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं, पुढं कोरडं. जागा सावलीची, वारा न लागणारी. वाळली की नाही हे पाहायला ती गालाला लावावी. गार लागली तर आत ओल आहे. ओली असताना चीर दिसली तर त्याच चिखलानं दाबून घ्यावी. पुरती वाळल्यावर मात्र लिंपू नये. ओल्या लिंपणानं कडा फुगतात आणि चीर पुन्हा उघडते. रंगाला गेरू, चुना आणि काजळ एवढंच घेतलं. तैलरंग लावला तर पाणी आत शिरत नाही.

विसर्जनाची गोष्ट लातूरच्या बहिणीकडून शिकलो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपल्याला आठवतच असेल. तेव्हापासून तिच्या घरी गणपती बादलीत विसर्जित होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तिथं काम नाही. ते पाण्यात फुटून गाळ होत नाही, फक्त अगदी थोडं विरघळतं, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. दोन किलोची मूर्ती पुरी विरघळायला जवळजवळ हजार लिटर पाणी लागेल, आणि तेही फार सावकाश. आमची मातीची मूर्ती घरात पुरी वाळलेली होती. तिला एक बादली पुरली आणि रात्र व्हायच्या आत तिचा गाळ झाला.

दुसऱ्या दिवशी पोरीनं वरचं निवळलेलं पाणी जास्वंदीला घातलं. खालची माती तिनं पसरून वाळवली, डब्यात भरली आणि डब्यावर खडूनं लिहिलं : पुढच्या वर्षीची माती, हात लावू नये.