आकडा नंतर, काम आधी

मार्च सरत आला, कंपन्यांमधून अप्रेझलचे फॉर्म भरून झाले आणि आता कॅलिब्रेशनच्या मीटिंगा लागतील. या मीटिंगांना बसणाऱ्या मॅनेजर मंडळींना माझी एकच विनवणी आहे: तिथे रेटिंगचा आकडा आधी उच्चारू नका. आधी माणसाचं काम सांगा.

असं बघा, तुमच्या घरची वाटी लहान, शेजारची मोठी. दोघीही 'दोन वाट्या रवा' म्हणतात, खोटं कुणीच बोलत नाही. मॅनेजरांचं 'चार' हे तसंच वाटीचं माप आहे.

समजा, एकाच ग्रेडच्या दोन टीम आहेत. पहिल्या मॅनेजरने सहापैकी चौघांना ४ दिलेत, दुसऱ्याने सातपैकी एकालाच. आकडे फळ्यावर आले की पहिला आपले ४ राखायला बसतो, दुसरा आपल्या कडकपणाचं कौतुक करतो. म्हणून आकडे झाका आणि वर्षभरात काय केलं ते वाचा. पहिल्याच्या एका ४वाल्याने ठरलेलं काम वेळेवर दिलं. चांगलंच आहे, पण त्या ग्रेडकडून तेवढी अपेक्षा असतेच. दुसऱ्याच्या एका ३वालीने अडलेला प्रकल्प मध्यावर हातात घेऊन पूर्ण केला आणि दोन नवख्यांना तयार केलं. आता आकडे उघडा. पहिला ३वर येतो, दुसरी ४वर जाते. पहिल्या टीममधले बाकीचे तिघे मात्र आपल्या कामावर ४वरच राहू शकतात. सरासरी जुळवायला बसलेलो नाही आपण! सहा जणांच्या टीमवर ठरावीक टक्केवारी लादणारे एचआरवाले भेटले की मला राग येतो, पण तो विषय मोठा आहे, राहू द्या.

मग सगळ्यांची वाटी एक कशी करायची? ज्याचं काम सगळ्या मॅनेजरांनी पाहिलंय असा एखादा माणूस आधी चर्चेला घ्या. त्याचं रेटिंग ठरलं की ती सामायिक वाटी झाली. पुढच्या प्रत्येकाचा रवा तिनेच मोजा, आणि वेळ ३ की ४ अशा काठावरच्यांना द्या. सर्वात वरच्या साहेबांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीच्यांच्या वाट्या आपोआप त्यांच्याएवढ्या होतात. आणि पुन्हा सांगतो, आकडा नंतर. 'तो मेहनती आहे हो' हे काम नव्हे. काय केलं, कधी केलं, त्याने काय फरक पडला, ते सांगा. सगळी उदाहरणं जानेवारीनंतरचीच निघाली, तर वर्ष नाही, फक्त शेवटची तिमाही मोजली गेली असं समजा.

अजून एक. मीटिंगआधी कुणालाही रेटिंग कळवू नका. आणि नंतर 'मी तर ४च दिले होते, कमिटीने कापले' असं टीममध्ये जाऊन सांगणारे मॅनेजर, अहो, तुम्हीही त्या खोलीत बसला होतात ना! बदललेलं रेटिंग तुमचंच, आणि त्यामागचं कारण समोरच्याला समजावून सांगणंही तुमचंच काम.