दाव्यांचा तक्ता आणि त्यावरची तारीख

कंपनी कामगारांचा सामूहिक आरोग्य विमा काढते.
त्यासाठी ती विमा ब्रोकरांकडून प्रस्ताव मागवते.
त्या निमंत्रणात आधी काय पाहावं?
दाव्यांचा तक्ता… आणि त्यावरची तारीख.

समजा, चाकणचा एक कारखाना आहे.
वर्षाचा हप्ता 40 लाख रुपये.
तक्ता सांगतो, 30 लाखांचे दावे दिले.
वाटतं, 10 लाख उरले की!
पण तारीख बघा.
तक्ता नऊ महिन्यांचाच आहे.
याच गतीनं वर्षअखेर दावे 40 लाखांपर्यंत जातील.
म्हणजे सगळा हप्ता संपला.

शिवाय काही बिलं मंजुरीसाठी अडकलेली असतात.
तीही तक्त्यात हवीत.
ती वगळली, तर यंदा दर स्वस्त मिळेल,
पण पुढच्या वर्षी हप्ता उसळेल.

आता ब्रोकरची निवड.
केवळ कमी हप्त्याला गुण देणं मला पटत नाही.
रात्री दोनला रुग्णालयात कॅशलेस अडलं,
तर फोन कोण उचलणार?
त्यालाही गुण ठेवा.
कशाला किती गुण, ते निमंत्रणातच छापा.

आणि हो, तक्ता पाठवताना तारीख ठेवा…
कामगारांची नावं मात्र काढून टाका.