स्वल्पविराम की रेघ?



माझी थोरली बहीण नागपूरला असते आणि मी पुण्याला. इंग्रजी वर्तमानपत्रातलं क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे ते आडवळणानं बोलणारं गूढ शब्दकोडं, सोडवायचं व्यसन आम्हा दोघांना कॉलेजपासूनचं. रात्री नऊच्या सुमारास तिचा फोन येतो. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत आटपते आणि मग अडलेला क्लू वाचला जातो. असाच एकदा तिनं वाचला: ‘परमिशन टू लीव्ह अ बॉस. दोन पाच.’

मी विचारलं, “ताई, दोन आणि पाचच्या मध्ये काय आहे? स्वल्पविराम की रेघ?”

“त्यानं काय होतंय रे? घरं सातच आहेत ना?”

त्यानं बरंच काही होतं. ते का आणि कसं, एवढंच मी आज सांगणार आहे.

ब्रिटिश पद्धतीच्या कोड्यात प्रत्येक क्लूच्या शेवटी कंसात आकडा असतो. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतली गूढ कोडी याच पद्धतीची. नुसता ७ असेल तर सात अक्षरांचा एक सलग शब्द. ४,३ असं स्वल्पविरामानं लिहिलं असेल तर चार आणि तीन अक्षरांचे दोन सुटे शब्द. आणि २-५ अशी आडवी रेघ असेल तर दोन आणि पाच अक्षरांचे तुकडे संयोगचिन्हानं जोडून झालेला एक शब्द. कोड्याच्या चौकटीत मात्र यातलं काहीच दिसत नाही. तिथं सात घरं एकापुढे एक, ना मध्ये मोकळी जागा ना रेघ. कुठे तोडायचं, हे फक्त कंस सांगतो.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोड्यात हा कंस नसतोच, आणि त्यांचं अडतही नाही. त्यांच्या चौकटीत प्रत्येक अक्षर आडव्या शब्दातही असतं आणि उभ्यातही, त्यामुळे आडवे शब्द भरले की उभे आपोआप भरत जातात. ब्रिटिश चौकटीत साधारण एकाआड एक घरालाच दुसरा शब्द छेदतो. निम्मी अक्षरं उघडी राहतात, त्यांना बाहेरून कुणाचा आधार नाही. ती उणीव कंस भरून काढतो.

आता ताईच्या क्लूकडे येतो. तिला छेदातून पाचवं अक्षर मिळालं होतं, ई. परमिशन, म्हणजे परवानगी. सात अक्षरं, पाचवं ई. तिनं पेन्सिलीनं ‘कन्सेंट’ लिहूनही टाकलं होतं. सी, ओ, एन, एस, ई, एन, टी. घरं सात, पाचवं अक्षर बरोबर ई, अर्थ परवानगी. सगळं जुळतंय. मग फोन कशाला केला? तर पहिल्या घरातून खाली जाणारा शब्द सी या अक्षरानं सुरू होईना. चुकीचं उत्तर बहुतेक असंच उघडं पडतं. ते स्वतः शांत बसून राहतं, शेजारचे शब्द अडायला लागतात.

पण छेदापर्यंत जायची गरजच नव्हती. कन्सेंट हा सलग सातचा शब्द. त्याच्यापुढे कंसात नुसता ७ आला असता. ‘लायसन्स’ हाही सात अक्षरांचा, तोही त्याच कारणानं बाद. कंस पाहिला असता तर दोन्ही दारातूनच परत गेले असते.

“रेघ आहे,” ताई म्हणाली.

रेघ आहे म्हटल्यावर पहिल्या दोन घरांकडे बघायचं. इंग्रजीत दोन अक्षरांचे तुकडे आधीच मोजके, आणि ज्यांच्यापुढे रेघ येते असे तर आणखी थोडे. को, री, एक्स हे उपसर्ग: को-पायलट, री-एंटर. किंवा नो, गो, इन, अप असे छोटे शब्द: ज्याच्याकडून कसलीच आशा नाही तो नो-होपर. हे सगळे दोन-पाचच आहेत. तेच जर मध्ये स्वल्पविराम असता, तर मन दुसऱ्याच कपाटाकडे वळलं असतं. तिथं अॅट लार्ज, इन टच, नो डाउट अशी, बहुधा शब्दयोगी अव्ययानं सुरू होणारी पदं भरलेली असतात. आकडे तेच, कपाट वेगळं.

ताईनं एकेक तुकडा पुटपुटायला सुरुवात केली आणि ‘गो’पाशी थांबली. लीव्ह म्हणजे जा, म्हणजे गो. पुढचा ‘अ’ जसाच्या तसा, अक्षर ए. बॉस म्हणजे हेड. गो, अ, हेड. गो-अहेड! दोन, रेघ, पाच. पाचवं अक्षर ई, हेडमधला. आणि गो-अहेड देणं म्हणजे परवानगी देणं. क्लू ऐकताना डोळ्यापुढे येतो तो साहेबाला सोडून जायला मागितलेली रजा. खरी व्याख्या पहिल्या एका शब्दात संपलेली असते आणि उरलेला भाग उत्तराचे तुकडे पुरवत असतो.

इथं रेघेनं आणखी एक काम केलं, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. रेघेचं गो-अहेड हे नाम आहे. स्वल्पविरामाचं गो अहेड हे क्रियापद आहे: पुढे चला, सुरू करा. क्रिप्टिकचा नियम असा की व्याख्या आणि उत्तर यांची जात एकच हवी, नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद. म्हणजे कंसात २,५ असतं तर परमिशन हे नाम व्याख्या म्हणून चाललंच नसतं. कोडं रचणाऱ्याला ‘प्रोसीड’सारखं क्रियापद आणावं लागलं असतं. उत्तराचं एक अक्षरही माहीत नसताना क्लूतला कुठला शब्द व्याख्या असू शकतो, याचा अंदाज एक रेघ देते.

चार-तीनचं उदाहरण घ्या. टेक ऑफ. स्वल्पविराम असेल तर क्रियापद: उड्डाण करणं, अंगावरचे कपडे काढणं, कुणाची नक्कल करणं. रेघ असेल तर नाम: उड्डाण किंवा नक्कल. क्लूत ‘पॅरडी’ असा शब्द दिसला आणि तो नामही आहे, क्रियापदही आहे, तर तो कुठल्या नात्यानं बसलाय हे कंसातलं चिन्ह ठरवतं. म्हणून ४,३ दिसलं की मी आधी शेवटच्या तीन घरांत ऑफ किंवा आउट घालून बघतो. इंग्रजीत अशी जोडक्रियापदं ढिगानं आहेत. नेहमी साधतं असं नाही. आयर्न एज, म्हणजे लोहयुग, हेही ४,३ आणि चोख नाम. पण पहिला खडा टाकायला जागा मिळते.

एक खाच मात्र सांभाळा. कंसातली तोड ही तयार उत्तराची तोड असते, क्लूमधल्या तुकड्यांची नव्हे. वर पाहिलंत ना, उत्तरात दोन तुकडे होते आणि क्लूत तीन. रचणारा उत्तराचे तुकडे हवे तिथं पाडायला मोकळा असतो. ‘नोव्हेअर’ म्हणजे कुठेच नाही, सातचा सलग शब्द. पण तो ‘नाऊ’ आणि ‘हिअर’ असाही तुटतो, आत्ता आणि इथं. ‘नवरी’ आणि ‘न वरी’ हा सभंग श्लेष शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. कंसात ७ आहे म्हणून क्लूमध्येही एकच अखंड शब्द शोधत बसलात, तर रचणाऱ्याला तेच हवं असतं.

लांब उत्तरांत कंस फारच उदार होतो. समजा ३,२,३,४ असं आहे. बारा घरं. यातलं दोनाचं पद बहुधा ऑफ, इन, ऑन किंवा टू, आणि त्याच्यामागून येणारं तिनाचं पद बहुधा ‘द’. म्हणजे सहाव्या घरात टी, सातव्यात एच, आठव्यात ई. छेदातून सहाव्याला खरंच टी आला, आठव्याला ई आला, की मी ‘द’ लिहून मोकळा होतो. चौथ्याला ओ आला तर ऑफ किंवा ऑन. उरलं काय, तर सुरुवातीचे तीन आणि शेवटचे चार. आउट ऑफ द ब्लू, अचानक, ध्यानीमनी नसताना! बारापैकी पाच घरं अर्थाकडे न बघता भरली. काही जुन्या खेळाडूंना हे लबाडीचं वाटतं. मला नाही वाटत. कंस छापलाय तो वाचण्यासाठीच.

आता त्याच्या मर्यादा. पहिली, षष्ठीचा तो वरचा टिंब, अॅपॉस्ट्रॉफी. तो कंसात सहसा धरत नाहीत. हॉबसन्स चॉइस, म्हणजे नावाला निवड पण पर्याय एकच, याचा कंस नुसता ७,६ असा येतो. सातव्या घरातला एस प्रत्ययाचा आहे हे आपणच ओळखायचं. दुसरी, बेरीज. आकड्यांची बेरीज घरांइतकी यायलाच हवी. कमी आली तर छपाईची चूक समजा. जास्त आली तर आधी क्लूचा क्रमांक पाहा. एकाच क्लूपुढे दोन क्रमांक असतील तर उत्तर दोन ठिकाणी विभागून लिहायचं असतं. तिथं एका ओळीचा शेवट म्हणजे शब्दाचा शेवट असेलच असं नाही.

आणि तिसरी मर्यादा खुद्द इंग्रजीचीच. त्या भाषेला आपल्या रेघा कुठे द्यायच्या हे अजून पक्कं ठरवता आलेलं नाही. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातून सुमारे १६,००० शब्दांच्या रेघा काढून टाकल्या होत्या. काही शब्द सुटे झाले, काही चिकटले. पिजन-होल सहा-चार होतं, ते सलग दहाचं झालं. कोड्याचा संपादक कुठला कोश प्रमाण मानतो, चेंबर्स, कॉलिन्स की ऑक्सफर्ड, यावर कंस ठरतो. म्हणून रेघेवरून काढलेला अंदाज पेन्सिलीनंच लिहावा.

ताई आता फोनवर चिन्हासकट वाचते. परवा तिला रद्दीवाल्याकडे कोड्यांचा एक जुना संग्रह मिळाला, पानं पिवळी पडलेली. रात्री फोन आला.

“तीन, रेघ, पाच. गारेगार गोड पदार्थ, असा काहीसा अर्थ आहे. पाचवं अक्षर आर. मला वाटतंय आइस्क्रीम, पण ते तर तीन, स्वल्पविराम, पाच असतं ना रे?”

मी विचारलं, “पुस्तक कुठल्या सालचं आहे?”

“थांब,” ती म्हणाली, आणि पान उलटल्याचा आवाज आला.